गोडा मसाला संपल्यानंतरचे कॅप्शन: ठाण्यातील एका घरगुती व्यवसायाचे प्रकरण

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एक काकू गेली काही वर्षे घरी गोडा मसाला करून विकतात. त्यांच्या इन्स्टाग्राम पानाचे लेखन माझ्याकडे असते. 4 मार्च 2025 रोजी त्यांनी 200 ग्रॅमची 120 पाकिटे विक्रीस ठेवली आणि 12 मार्चला, म्हणजे होळीच्या आदल्या दिवशी, ती संपली. 30 मार्चला गुढीपाडवा होता. होळीला पुरणपोळी झाली तशी पाडव्यालाही अनेक घरांत होणार होती, आणि पुरणपोळी म्हटली की कटाची आमटी आणि आमटीसाठी गोडा मसाला आलाच. त्यामुळे माल संपल्याचे कळवणे, आभार मानणे, पुढचा माल केव्हा येईल ते सांगणे आणि प्रतीक्षायादी सुरू करणे ही चारही कामे एकाच कॅप्शनने करायची होती. हे कॅप्शन कसे तयार झाले आणि त्यानंतरच्या चार आठवड्यांत त्यातील कोणती वाक्ये टिकली, याची ही नोंद आहे.

पहिला मसुदा काकूंच्या भाच्याने उत्साहाने लिहून पाठवला होता. तो असा होता: “अवघ्या काही तासांत सगळा माल संपला! तुमच्या प्रेमाने भारावून गेलो आहोत. पुढची बॅच अत्यंत मर्यादित आहे. आत्ताच वेटलिस्टमध्ये नाव टाका, नाहीतर पाडव्याची आमटी गोड्या मसाल्याशिवाय!” असे लिहिण्याची रीत इतकी रुळली आहे की लिहिणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. तरी मी काकूंसोबत बसून प्रत्येक वाक्य वहीशी ताडून पाहिले. माल काही तासांत नव्हे, नऊ दिवसांत संपला होता. 120 पाकिटांपैकी 114 विकली गेली होती आणि उरलेली 6 वाटेत पाकीट फुटल्यास बदलून देण्यासाठी बाजूला ठेवलेली होती. “अत्यंत मर्यादित” म्हणजे नेमकी किती पाकिटे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण पुढची बॅच केव्हा आणि किती करायची हे ठरलेच नव्हते.

म्हणून कॅप्शन बाजूला ठेवून आम्ही आधी माल किती होऊ शकतो याचा हिशोब मांडला. धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, शहाजिरे हे सारे काकू वाशीच्या मसाला मार्केटमधून आणतात. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जाऊन यायला अर्धा दिवस लागतो, पण तिथे हा माल हवा तेवढा मिळतो. भाजणी घरी होते. दोन मदतनीस बायकांना घेऊन एका दिवसात साधारण 12 किलो तयार मसाल्याइतका ऐवज भाजून होतो, म्हणजे 60 पाकिटे. खरी अडचण त्यापुढे, कांडपावर होती.

ती समजून घ्यायला मी काकूंसोबत कांडपावर गेले. मार्च ते मे हे महिने वर्षाचा मसाला कुटून घेण्याचे असतात. दाराशी पिशव्यांची रांग होती, कोणाचा आगरी मसाला, कोणाचा मालवणी, आणि लाल मिरचीच्या खकाण्याने घसा धरला होता. कांडपवाल्यांनी उखळातला एक कोपरा बोटाने पुसून दाखवला, तर बोट लालभडक झाले. ते म्हणाले, “ताई, आधी मिरची कुटली आणि मग तुमचा गोडा घातला, तर तो तिखटच लागणार. काकूंना मी सकाळची पहिलीच पाळी देतो, रात्री सगळं धुऊन-पुसून ठेवल्यावरची.” अशी पहिली पाळी त्यांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, देता येत होती, आणि पाडव्यापूर्वी मोकळ्या असलेल्या पाळ्या दोनच होत्या, 25 मार्च आणि 28 मार्च. कुटलेला मसाला गरम असतो. तो तसाच पाकिटात भरला तर आत वाफ धरते आणि आठवड्याभरात गुठळ्या होतात, म्हणून चाळून, पसरून, पूर्ण निवल्यावरच भरायचा, आणि त्याला दोन दिवस जातात.

यावरून चित्र स्पष्ट झाले. 25 तारखेच्या कांडपाची 60 पाकिटे 27 मार्चला हातात येतील आणि ठाण्यात पाडव्याआधी पोहोचवता येतील. 28 तारखेची 60 पाकिटे 31 मार्चला, म्हणजे पाडवा उलटून गेल्यावर तयार होतील. एप्रिलमध्ये मात्र दर आठवड्याला दोन पाळ्या मिळतील आणि मागणी असेल तर आठवड्याला 120 पाकिटे होऊ शकतील. थोडक्यात, टंचाई खरी होती, पण फक्त पाडव्यापुरती आणि फक्त 60 पाकिटांपुरती. एप्रिलनंतर टंचाई होती असे म्हणणे खोटे ठरले असते. खरी मर्यादा आणि रचलेली मर्यादा यांतला फरक मी एवढ्यावरूनच ओळखते: खरीला आकडा असतो, कारण असते आणि ती संपण्याची तारीख असते. भाच्याच्या मसुद्यातील “अत्यंत मर्यादित” या शब्दांना यांपैकी काहीच नव्हते.

हा प्रश्न केवळ सचोटीचा राहिलेला नाही, हेही मी काकूंना सांगितले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला भुलवणाऱ्या फसव्या रचनांविरुद्ध, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत 13 प्रकार दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. ग्राहकाने तातडीने खरेदी करावी म्हणून वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवणे, किंवा साठा आहे त्याहून कमी असल्याचे भासवणे, हे दोन्ही त्यात येते. ही तत्त्वे मोठ्या संकेतस्थळांपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यांच्या कक्षेत आहेत. “काही तासांत संपला” हे वाक्य खोट्या लोकप्रियतेत मोडते, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

काकूंची काळजी निराळी होती. त्या म्हणाल्या, “अगं, पाडव्याला फक्त साठच होणार असं आपणच लिहिलं, तर बाकीचे दुसरीकडून घेतील की.” ही काळजी रास्त होती आणि तिचे उत्तर गोड बोलून देता येण्यासारखे नव्हते. मी म्हटले, “काकू, घेतील. ज्यांना पाडव्यालाच हवा आहे त्यांनी घ्यायलाच हवा. आपण नाही सांगितलं तर ते 29 तारखेपर्यंत आपली वाट बघतील आणि ऐन वेळी त्यांच्या हातात काहीच नसेल.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “लिही मग तसंच.” पाडव्यापूर्वी सर्वांना मिळणार नाही हे वाक्य त्यामुळे कॅप्शनमध्ये आले. माझ्या मते तेच त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते.

आभारांवरही आम्ही थोडा वेळ घालवला. “तुमच्या प्रेमाने भारावलो” हे कोणालाही, केव्हाही म्हणता येते. काकूंच्या वहीत मात्र आभार मानण्याजोग्या ठोस गोष्टी होत्या. 114 पाकिटे 81 घरांत गेली होती आणि त्यांपैकी 19 घरांनी दिवाळीतही मसाला घेतला होता. दिवाळीच्या मसाल्यात दगडफूल जरा जास्त लागले असे एका ग्राहकाने तेव्हा कळवले होते. काकूंनी स्वतः आमटी करून पाहिली, त्यांना ते पटले आणि या वेळी त्यांनी प्रमाण कमी केले. हे लिहिल्याने आभार नेमक्या माणसांपर्यंत पोहोचतात आणि कळवलेले वाया जात नाही हेही वाचणाऱ्याला दिसते.

अखेर 12 मार्चच्या संध्याकाळी प्रसिद्ध झालेले कॅप्शन असे होते:

“गोड्या मसाल्याची 114 पाकिटे नऊ दिवसांत तुमच्या घरी पोहोचली, मनापासून आभार. पुढची पाकिटे 27 मार्चपासून मिळतील.

या वेळचा मसाला 81 घरांत गेला. त्यांतील 19 घरांनी दिवाळीतही आमच्याकडून घेतला होता. दगडफूल जास्त झाल्याचे ज्यांनी दिवाळीत कळवले त्यांचे विशेष आभार, या वेळी प्रमाण कमी केले आहे. 120 पैकी 6 पाकिटे वाटेत फुटलेली बदलून देण्यासाठी राखून ठेवली आहेत, ती विक्रीसाठी नाहीत.

पाडव्यापूर्वी आम्हाला 60 च पाकिटे करता येतील. गोडा मसाला तिखट होऊ नये म्हणून आम्ही कांडपावरची सकाळची पहिलीच पाळी घेतो आणि पाडव्यापूर्वी वेळेत अशी एकच पाळी मिळाली आहे. ही 60 पाकिटे ठाण्यातच पाडव्याआधी पोहोचतील. कुरियरने जाणारी वेळेत पोहोचतील असे आम्ही सांगू शकत नाही. पाडव्यालाच मसाला हवा असेल तर कृपया आमच्यावर विसंबून राहू नका.

31 मार्चला आणखी 60 पाकिटे येतील. एप्रिलमध्ये लागतील तेवढ्या बॅच करू, त्यामुळे घाई नसेल तर नाव नोंदवण्याची गरज नाही. तेव्हा मसाला सहज मिळेल.

पाडव्यासाठी हवा असेल किंवा मसाला आल्याचा निरोप हवा असेल, तर बायोमधील दुव्यावर नाव नोंदवा. निरोप नोंदणीच्या क्रमानेच जातील. आगाऊ पैसे नाहीत, घेण्याचे बंधन नाही. पाडव्याच्या बॅचमध्ये एका घराला जास्तीत जास्त 2 पाकिटे. तुमचा क्रमांक फक्त या निरोपासाठी वापरू आणि नंतर यादी पुसून टाकू. या दोन्ही बॅचचा दर तोच, 220 रुपये.”

यातील पहिल्या दोन वाक्यांचा क्रम विचारपूर्वक ठरवला होता. फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे more दाबल्यावर उघडते. बहुतेक जण ते दाबत नाहीत. त्यामुळे आभार आणि पुढची तारीख या दोन्ही गोष्टी त्या पहिल्या ओळींतच बसायला हव्या होत्या. कॅप्शनमधील दुवा दाबता येत नाही, म्हणून तो बायोमध्ये ठेवला आणि पोस्ट पानाच्या वरच्या बाजूस पिन केली. स्टोरीतही दुवा दिला, पण स्टोरी 24 तासांत जाते, त्यामुळे फक्त तिच्यावर भिस्त ठेवली नाही. दराच्या वाक्यात “या दोन्ही बॅचचा” हे शब्द मुद्दाम घातले होते. 17 मार्चला वाशीहून येणारा माल दोन बॅचना पुरणार होता, त्यापुढचा भाव काकूंना माहीत नव्हता आणि माहीत नसलेल्या गोष्टीचे वचन देणे बरे नव्हते.

नोंदणीसाठी गूगल फॉर्म वापरला आणि त्यात चारच प्रश्न ठेवले: नाव, व्हॉट्सॲप क्रमांक, पाकिटांची संख्या आणि पिनकोड. फॉर्ममधून तयार होणाऱ्या तक्त्यात प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप पडते, त्यामुळे क्रमाबद्दल वाद होत नाही. क्रम पाळायचा ठरला की तो घरच्यांनाही लागू होतो. काकूंच्या नणंदेने डोंबिवलीहून फोन करून चार पाकिटे बाजूला ठेवायला सांगितली, तेव्हा काकूंनी त्यांना फॉर्म भरायला सांगितले आणि पाडव्यापुरता मसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या बरणीतून दिला.

25 मार्चपर्यंत यादीत 143 नावे झाली आणि त्यांनी मिळून 197 पाकिटे मागितली होती. हा आकडा जाहीर करावा असे भाच्याला वाटत होते. मी नको म्हटले. आकडा खरा असला तरी “143 जण रांगेत आहेत” एवढेच वाचणाऱ्याला एप्रिलमध्ये मसाला सहज मिळणार आहे हे कळत नाही. त्याला फक्त आपण मागे पडल्याचे जाणवते. आमच्यासाठी यादी ही बॅच किती करायची हे ठरवण्याची सोय होती, जाहिरातीसाठी ती उघडलेली नव्हती.

निरोप पाठवताना एक चूक झाली आणि ती लिहून ठेवण्यासारखी आहे. पहिल्या 60 पाकिटांत यादीतील पहिली 41 नावे बसत होती. 26 मार्चला त्या सर्वांना व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून निरोप पाठवला. अशा यादीत 256 जण घालता येतात, त्यामुळे 41 ही संख्या मुळीच मोठी नव्हती. मात्र दुपारपर्यंत उत्तरे फारच थोडी आली, म्हणून मी निरोपावर बोट दाबून धरले आणि माहितीत पाहिले, तर तो फक्त 23 जणांना पोहोचलेला होता. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच मिळतो, आणि उरलेल्या 18 जणांनी तो केलेला नव्हता. ते लक्षात आले नसते तर आम्ही त्यांना “उत्तर दिले नाही” असे धरून त्यांची पाकिटे पुढच्यांना दिली असती आणि क्रमाने निरोप देऊ हे कॅप्शनमधले वाक्य आमच्या नकळत खोटे ठरले असते. त्या 18 जणांना त्याच संध्याकाळी एकेक करून निरोप पाठवले आणि उत्तरासाठी सर्वांनाच दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तेव्हापासून फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या मजकुरात काकूंचा क्रमांक जतन करण्याची विनंती घातली आहे.

41 पैकी 33 जणांनी मिळून 47 पाकिटे घेतली. राहिलेली 13 पाकिटे यादीतील पुढच्या ठाणेकरांना गेली आणि पाडव्याची बॅच 29 मार्चला सकाळी संपली.

दुसऱ्या बॅचने मात्र दगा दिला. 28 मार्चच्या कांडपातून आलेला मसाला चाळताना काकूंना तो भरड वाटला. चिमूटभर पाण्यात टाकून पाहिला तर खोबऱ्याचे कण वर तरंगत राहिले. तो पुन्हा कुटावा लागणार होता आणि पहिली पाळी 1 एप्रिललाच होती. म्हणजे 31 मार्चची तारीख 3 एप्रिलवर गेली. कॅप्शन दुरुस्त करता येते, पण जुनी तारीख खोडून तिथे नवी ठेवणे मला योग्य वाटले नाही, कारण ज्यांनी जुनी वाचली होती त्यांना आपलाच गोंधळ झाला असे वाटले असते. म्हणून जुना मजकूर तसाच राहू दिला आणि त्याखाली एक ओळ जोडली: “दुरुस्ती, 29 मार्च: दुसऱ्या बॅचचा मसाला भरड निघाल्याने तो पुन्हा कुटत आहोत. 31 मार्चऐवजी 3 एप्रिलला मिळेल.” ही ओळ घालण्यापूर्वी यादीतील ज्यांना दुसऱ्या बॅचमधून मसाला मिळायचा होता त्यांना निरोप गेले होते, कारण नाव नोंदवणाऱ्याला उशिराची बातमी सर्वांबरोबर कळावी हे बरोबर नव्हे.

यादीतील 197 पाकिटांच्या मागणीवरून काकूंनी आणखी दोन बॅच लावल्या असत्या तर माल पडून राहिला असता. दुसऱ्या बॅचच्या उत्तरांवरून दिसत होते की नाव नोंदवणारे सगळे घेत नाहीत. काहींनी पाडव्यासाठी दुसरीकडून घेतला होता आणि तसे मोकळेपणाने कळवलेही होते, त्यांपैकी काही जणांनी काकूंचा मसाला एप्रिलमध्ये घेतला. म्हणून 4 एप्रिलच्या पाळीत एकच बॅच केली. सगळे निरोप जाऊन झाल्यावर 143 पैकी 96 जणांनी 131 पाकिटे घेतली होती आणि तिन्ही बॅचच्या 180 पाकिटांतील 49 शिल्लक होती.

7 एप्रिलला फॉर्म बंद केला. मसाला शिल्लक असताना यादी उघडी ठेवणे म्हणजे नसलेली रांग दाखवणे झाले असते. त्या दिवशीचे कॅप्शन तीनच वाक्यांचे होते: “गोडा मसाला आता उपलब्ध आहे, 49 पाकिटे तयार आहेत आणि ती संपली तर पुढची बॅच त्याच आठवड्यात करता येईल. प्रतीक्षायादी बंद केली आहे, नाव नोंदवण्याची गरज नाही. ज्यांनी नोंदवले होते त्यांचे क्रमांक आम्ही 15 एप्रिलला पुसून टाकू.” 15 तारखेला काकूंनी तो तक्ता माझ्यासमोर पुसला, ब्रॉडकास्ट यादीही काढून टाकली आणि मग कांडपवाल्यांना फोन करून मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारची पाळी लावून ठेवली.